एसीविना मराठवाड्याचा उन्हाळा: फ्लॅट कसा निवडावा आणि त्यात कसे राहावे

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये माझ्या भाच्याची जालन्याहून छत्रपती संभाजीनगरला बदली झाली. तो, त्याची पत्नी आणि दोन वर्षांची मुलगी असे तिघांचे कुटुंब भाड्याने घर शोधत होते, आणि एसी घ्यायचा नाही हे त्यांनी खर्चाचा हिशेब करून आधीच ठरवलेले होते. एजंट त्यांना रोज सकाळी दहा-अकराच्या सुमारास फ्लॅट दाखवत असे. त्या वेळी प्रत्येक फ्लॅट हवेशीर आणि उजेडाचा वाटायचा. मी त्याला सांगितले की, घर पाहायचे तर एकदा दुपारी साडेचारला आणि एकदा रात्री साडेनऊला पाहायचे. "मामा, भर दुपारी घर बघायला कोण जातं?" असे तो म्हणाला, पण आला. त्या दोन फेऱ्यांत जे दिसले, त्यावरूनच या लेखाची मांडणी केली आहे.

फ्लॅट पाहताना मनात एकच प्रश्न ठेवावा: दिवसभर पिऊन घेतलेली उष्णता हे घर किती वाजता परत देते? आपल्याकडे मे महिन्यात दुपारी पारा ४० ते ४२ अंशांवर जातो आणि पहाटे तो बहुधा २५ ते २७ पर्यंत उतरतो. हवा कोरडी असल्यामुळे दिवस आणि रात्र यांच्यात जवळजवळ पंधरा अंशांचा फरक पडतो. एसीविना जगण्याचा सगळा आधार याच फरकावर आहे. रात्रीची थंड हवा घरात घेऊन ती दिवसभर कोंडून ठेवता आली, तर घर सुसह्य राहते. मात्र बाहेर गार वारा सुटलेला असताना घराचे छत आणि भिंती आतून उष्णता ओकत असतील, तर त्या वाऱ्याचा उपयोग होत नाही. हवामान खाते मैदानी भागात पारा किमान ४० अंशांवर आणि नेहमीपेक्षा साडेचार अंश किंवा त्याहून जास्त चढला, अथवा थेट ४५ अंशांना पोहोचला, की उष्णतेची लाट मानते. हे आकडे बाहेरच्या सावलीतले असतात. बंद खोलीचा आकडा त्याहून निराळा असतो आणि रात्री तर बहुतेक वेळा बाहेरच्यापेक्षा जास्तच असतो.

दिशा: मे महिन्यातला सूर्य कुठून येतो

संभाजीनगरात २० मेच्या सुमारास शून्य सावलीचा दिवस येतो. त्या दिवशी दुपारी साडेबाराच्या आगेमागे सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली काठीच्या बुडाशीच राहते. लातूर, परभणी, नांदेड या शहरांत हा दिवस त्याच्या काही दिवस आधी येतो. यातून घर पाहणाऱ्याला दोन गोष्टी समजतात. पहिली म्हणजे, भर उन्हाळ्यात सर्वांत जास्त ऊन गच्ची झेलते. दुसरी म्हणजे, दक्षिणेच्या भिंतीला आपण उगाच घाबरतो. मे महिन्यात दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळपास पडतच नाही आणि मार्च-एप्रिलमध्ये जे पडते, ते दीड-दोन फुटांच्या छज्जाने सहज अडते.

खरा त्रास पश्चिमेचा असतो. पूर्वेच्या भिंतीवरही तितकेच ऊन पडते, पण ते सकाळी, हवा थंड असताना पडते आणि दुपारनंतर त्या भिंतीला निवायला वेळ मिळतो. पश्चिमेच्या भिंतीवर ऊन ऐन चारच्या सुमारास तिरपे, थेट आणि हवा सर्वांत तापलेली असताना पडते. इतक्या खाली आलेल्या सूर्याला छज्जा अडवू शकत नाही, कारण किरण छज्जाच्या खालून आत शिरतात. मे महिन्यात सूर्य मावळतो तोही नेमका पश्चिमेला नव्हे, तर सुमारे वीस अंश उत्तरेकडे सरकून. त्यामुळे वायव्येच्या खिडकीलाही पश्चिमेचीच धरावे.

म्हणून फ्लॅटमध्ये शिरताच मोबाइलवरच्या होकायंत्राने दिशा पाहावी. सळईच्या खांबाजवळ किंवा लोखंडी ग्रिलजवळ ते चुकते, म्हणून खोलीच्या मध्यभागी उभे राहून पाहावे आणि नकाशावरच्या रस्त्याच्या दिशेशी पडताळावे. पश्चिमेला स्वच्छतागृह, जिना, लिफ्ट किंवा खोल बाल्कनी असेल तर उत्तम. हॉल असेल तरी चालतो, कारण रात्री अकरानंतर तिथे कोणी बसत नाही. झोपायची खोली मात्र पश्चिमेला नसावी.

छत आणि भिंती: उष्णता आत पोहोचायला लागणारा वेळ

आपल्या गावाकडच्या माळवदाच्या घरात दुपारी शिरल्यावर जो गारवा जाणवतो, तो जाड मातीचा असतो. पांढऱ्या मातीच्या त्या जाड थरातून उष्णता आत झिरपेपर्यंत रात्र होते आणि आत पोहोचते तेव्हा तिचा जोर संपलेला असतो. फ्लॅटचा स्लॅब पाच-सहा इंचांचा असतो. त्यातून उष्णता साधारण चार तासांत खाली उतरते. दुपारी एक-दोनला तापलेली गच्ची संध्याकाळी सहानंतर आतून पुरती तापते आणि मध्यरात्रीपर्यंत तशीच राहते. सर्वांत वरच्या मजल्यावर पंखा पूर्ण वेगाने लावला, तरी गरम वारा अंगावर येतो, तो याच कारणाने: पंखा छताला टेकलेली तापलेली हवा खाली ढकलत असतो.

भिंतींचेही असेच असते. नऊ इंची विटांच्या भिंतीतून उष्णता उशिरा आणि बरीच मंदावून येते. चार इंची भिंतीतून ती तीनेक तासांत येते, म्हणजे पश्चिमेचे चारचे ऊन रात्री जेवायच्या वेळेला पाठीला जाणवते. हलक्या सिपोरेक्स ब्लॉकची सहा इंची भिंत उष्णता चांगली अडवते. अलीकडे अनेक मोठ्या प्रकल्पांत साच्यात ओतलेल्या अखंड काँक्रीटच्या भिंती असतात. त्या मजबूत असतात, पण उष्णतेच्या दृष्टीने विटांपेक्षा वाईट असतात. भिंत कशाची आहे हे विचारायला संकोचू नये. खिडकीच्या चौकटीत हात घालून जाडीही मोजता येते.

दोन फेऱ्या: एक प्रत्यक्ष उदाहरण

भाच्यासमोर दोन फ्लॅट होते आणि दोन्ही इमारती चार मजली होत्या. पहिला चौथ्या मजल्यावर, म्हणजे थेट गच्चीखाली होता. त्याची झोपायची खोली पश्चिमेला होती आणि भाडे ११,००० रुपये होते. दुसरा दुसऱ्या मजल्यावर होता. त्यात पश्चिमेला हॉल व चार फूट खोल बाल्कनी, ईशान्येला झोपायची खोली आणि भाडे १२,५०० रुपये होते. सोबत मी साधा थर्मामीटर आणि पृष्ठभागाचे तापमान दाखवणारा इन्फ्रारेड थर्मामीटर घेतला होता. असे उपकरण नसेल तर स्टुलावर उभे राहून छताला तळहात लावावा. छत हाताला स्पष्ट गरम लागले तर ते अंगापेक्षा जास्त तापलेले आहे, एवढे त्यावरून नक्की समजते.

साडेचारला बाहेर ४० अंश होते. पहिल्या फ्लॅटच्या झोपायच्या खोलीत हवा ३९, पश्चिमेची भिंत आतून ४० आणि छत ४३ अंश होते. दुसऱ्यात हवा ३५ आणि छत साडेपस्तीस होते. रात्री साडेनऊला बाहेर पारा ३२ वर उतरला होता. पहिल्या फ्लॅटचे छत अजून ४१ वर होते आणि खिडक्या तासभर उघड्या ठेवूनही खोली ३७ च्या खाली आली नाही. दुसऱ्यात खिडक्या उघडल्यावर अर्ध्या तासात ३३ झाले. त्या लहान मुलीला पहिल्या घरात रात्री एकपर्यंत झोप लागली नसती. महिन्याचे दीड हजार रुपये जास्त देऊन त्यांनी दुसरा फ्लॅट घेतला.

दुपारच्या फेरीत आणखी एक गोष्ट पाहावी. स्वच्छतागृहाचा नळ सोडून दोन मिनिटे हात धरावा. गच्चीवर काळी प्लास्टिकची टाकी उघड्यावर असेल, तर चार वाजता पाणी चटका बसेल इतके तापलेले येते आणि संध्याकाळी त्याने अंघोळ करून उलट जास्त उकडते. अशा घरात पहाटे दोन बादल्या भरून घराच्या आतल्या बाजूला ठेवाव्या लागतात. त्याच वेळी शेजाऱ्यांना पाणी किती दिवसांआड येते आणि टँकर किती लागतो हेही विचारावे. कूलरचा सगळा हिशेब त्या उत्तरावर अवलंबून आहे.

मधला मजला नेहमीच चांगला असतो असेही नाही. शेजारची इमारत सात-आठ फुटांवर असेल तर ऊन अडते, पण वाराही अडतो. तळमजल्यावर चोरीच्या भीतीने रात्री खिडक्या लावून घ्याव्या लागत असतील, तर त्याचा गारवा वाया जातो.

खिडक्या, वारा आणि बाहेरची सावली

उन्हाळ्यात संध्याकाळनंतर आपल्याकडे वारा बहुधा पश्चिमेच्या अंगाने येतो. म्हणजे ज्या बाजूने ऊन येते, त्याच बाजूने रात्रीचा गारवाही येतो. यामुळे पश्चिमेची खिडकी कायमची बंद करून टाकू नये. दिवसा बाहेरून झाकता येईल आणि रात्री पूर्ण उघडता येईल, अशी ती हवी. सरकत्या खिडक्या निम्म्याच उघडतात, बिजागरीच्या पूर्ण उघडतात. त्याच मापाच्या चौकटीतून दुप्पट वारा मिळतो, हा फरक रात्री फार मोठा ठरतो.

वारा आत येण्यासाठी त्याला बाहेर जायलाही वाट लागते. सगळ्या खिडक्या एकाच भिंतीत असतील, तर मुख्य दाराला जाळीचा दुसरा दरवाजा आहे का ते पाहावे. तो असेल तर रात्री लाकडी दार उघडे ठेवून हवा जिन्यात काढता येते. नसेल तर मालकाची परवानगी घेऊन बसवून घ्यावा. माझ्या मते भाड्याच्या घरात केलेला हा सर्वांत सार्थ खर्च आहे.

सावली काचेच्या बाहेर हवी, यावर मी मुद्दाम भर देतो. आतला जाड पडदा ऊन अडवतो असे वाटते. प्रत्यक्षात ते काचेतून आत आलेले असते, पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. हीच सावली बाहेर धरली तर ताप बाहेरच्या बाहेर निघून जातो. बांबूची चिक, वाळ्याचा पडदा किंवा शेतीसेवा केंद्रात मिळणारी ७५ टक्के सावलीची हिरवी जाळी खिडकीपासून वीतभर अंतर सोडून बाहेरून टांगावी. जाळी भिंतीला चिकटवली तर मधून हवा खेळत नाही. मे महिन्यात वळवाचा वारा अचानक सुटतो, म्हणून ती अशी बांधावी की एका हाताने सोडता येईल.

वरच्या मजल्यावरच राहावे लागत असेल तर

अनेकांना निवड करता येत नाही. अशा वेळी आधी गच्चीकडे वळावे. सोसायटीची परवानगी घेऊन मार्चच्या अखेरीस गच्ची झाडून, धुऊन, भेगा भरून घ्याव्यात आणि विझवलेल्या चुन्यात चिकटपणासाठी बांधकामाचा चिकट द्रव मिसळून दोन हात द्यावेत. दुसरा हात पहिला पूर्ण वाळल्यावर द्यायचा. चुना डोळ्यांत गेल्यास इजा होते, म्हणून चष्मा आणि हातमोजे घालावेत. पांढरी गच्ची बरेचसे ऊन परतवते. खालच्या खोलीत साधारण दोन-तीन अंशांचा उतार मिळतो आणि छताचा हाताला बसणारा चटका जातो. धूळ बसली की गुण कमी होतो, म्हणून पंधरवड्यातून एकदा तरी झाडून घ्यावी. पावसाळ्यात चुना धुऊन जातो याची खंत करू नये, कारण थंडीत तापलेली गच्ची हवीच असते. घर स्वतःचे असेल तर पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचा चायना मोझॅक अनेक वर्षे टिकतो. गळतीसाठी काळे डांबरी आवरण मात्र उघडे ठेवू नये. ते घातलेच तर त्यावर पांढरा थर द्यावा.

गच्चीवर ओली पोती अंथरण्याची रीत परिणामकारक आहे, पण तिला रोज पाणी लागते आणि भेगांतून ओल उतरते. पाण्याची ओढ असलेल्या शहरात मी ती सुचवणार नाही.

दिवसाचा क्रम

दोन साधे थर्मामीटर घ्यावेत. एक झोपायच्या खोलीत आणि दुसरा उत्तरेच्या बाजूला बाहेर, सावलीत आणि भिंतीला न टेकता लावावा. नियम एकच आहे: बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा कमी असेल तेव्हाच खिडक्या उघड्या ठेवायच्या. मे महिन्यात हा क्षण बहुधा रात्री आठ-नऊच्या दरम्यान येतो आणि सकाळी आठच्या सुमारास संपतो. बहुतेक घरांत नेमके उलटे होते. सकाळी अकरापर्यंत खिडक्या उघड्या राहतात आणि पहाटे मिळवलेला गारवा दोन तासांत निघून जातो.

पहाटे पाचला सर्वांत थंड हवा असते. त्या वेळी टेबल फॅन एका खिडकीत बाहेर तोंड करून ठेवला, तर तो आतली गरम हवा बाहेर फेकतो आणि दुसऱ्या बाजूने गार हवा खेचली जाते. भिंती आणि फरशी थंड होणे हा यामागचा हेतू आहे, कारण दिवसभर त्याच गारवा देतात. गॅसवरचा सगळा स्वयंपाक नऊच्या आत उरकावा आणि तोवर स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवावी. मग काचा बंद, बाहेरची चिक खाली आणि घर संध्याकाळपर्यंत मिटलेले ठेवावे.

कूलर आणि पाणी

कोरड्या हवेत कूलर फार चांगले काम करतो. बाहेर ४२ अंश आणि हवेत २० टक्के आर्द्रता असेल, तर चांगल्या पॅडचा कूलर २८-२९ अंशांची हवा देऊ शकतो. त्यासाठी त्याची पाठ खिडकीबाहेर हवी, म्हणजे त्याला बाहेरची कोरडी हवा मिळते. समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार वीतभर उघडे हवे, म्हणजे ओलावलेली हवा बाहेर पडते. कूलर चालू असताना मघाचा खिडक्या मिटण्याचा नियम एवढ्यापुरता मोडायचा. कूलर खोलीच्या आत ठेवून दारे लावली, तर पहिला तास बरा जातो आणि नंतर चिकचिक सुरू होते. डब्यातले मीठ ओलसर होऊ लागले किंवा चादर दमट लागली, तर हवा बाहेर जात नाही असे समजावे. बंद खोलीत फरशी वारंवार पुसल्यानेही हेच होते.

मध्यम कूलर भर दुपारी तासाला आठ-दहा लिटर पाणी पितो, म्हणजे आठ तासांत सत्तर-ऐंशी लिटर. पाणी आठवड्यातून एकदाच येत असेल तर इतके परवडत नाही. अशा घरात कूलर दुपारी एक ते पाच आणि झोपायच्या आधी तासभर एवढाच चालवावा. बोअरचे जड पाणी असेल तर पॅडवर पांढरा थर जमून हवा अडते, म्हणून टाकीतले उरलेले पाणी तीन-चार दिवसांनी काढून स्वच्छतागृहात वापरावे. आठवड्यातून एकदा टाकी घासून कोरडी करावी, नाहीतर तिथे डेंग्यूचे डास होतात. पत्र्याच्या कूलरचा विजेचा धक्का जीवघेणा असतो. तीन पिनांची वायर आणि अर्थिंग तपासल्याशिवाय तो लावू नये आणि प्लग काढल्याशिवाय त्यात पाणी भरू नये. भाच्याच्या घरात मी आधी इलेक्ट्रिशियन बोलावून बोर्डाचे अर्थिंग पाहून घेतले, तेव्हा ते जोडलेलेच नव्हते असे निघाले.

रात्र आणि धोक्याची खूण

फोमच्या गादीत पाठीची उष्णता अडकते. सुती वाकळ किंवा बाज बरी, कारण बाजेखालून हवा फिरते. वीज गेली तर पातळ सुती कापड भिजवून, पिळून अंगावर घ्यावे. खोलीत ४० अंशांच्या आसपास तापमान असेल तर कोरड्या अंगावरचा पंखा गरम हवाच फेकतो. अंग ओले असेल तरच तो उपयोगी पडतो. गच्चीवर झोपणाऱ्यांनी मध्यरात्रीपर्यंत स्लॅबवर थेट अंथरूण टाकू नये.

दिवसभर ताक, पन्हे, माठातले पाणी चालू ठेवावे. जास्त घाम येऊन थकवा आला तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट प्यावे. चक्कर आणि पायात गोळे येणे ही सूचना समजावी. माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तापून भाजल्यासारखे लागले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात असू शकतो. मग १०८ ला फोन करावा आणि रुग्णवाहिकेची वाट पाहत बसू नये. त्याला लगेच सावलीत घेऊन कपडे सैल करावेत, अंगभर पाणी ओतून जोरात वारा घालावा आणि काखेत व जांघेत बर्फ किंवा गार पाण्याच्या घड्या ठेवाव्यात. शुद्ध नसलेल्याला पाणी पाजू नये. रात्री दहानंतरही खोली ३७-३८ च्या खाली येत नसेल आणि घरात तान्हे बाळ किंवा म्हातारे माणूस असेल, तर त्यांना त्या दिवसांपुरते खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे किंवा नातेवाइकांकडे झोपायला न्यावे.

मृगाच्या सरी पडल्या की हवेतला ओलावा वाढतो. बाहेर ३५ अंश आणि आर्द्रता ६० टक्के झाली, की तोच कूलर फार तर तीसेक अंशांची दमट हवा देतो. त्या दिवसापासून पंप बंद करून नुसता पंखा चालवावा, टाकी कोरडी करून पॅड उन्हात वाळवून ठेवावेत आणि आता दिवसाही सगळ्या खिडक्या उघडाव्यात.